टॅप संपले, कॅपॅसिटर सगळे चालू, तरी दर रब्बीत १३२ केव्ही बस का कोसळते?

तक्रार ओळखीची आहे. लांब १३२ केव्ही लाइनच्या शेवटाला असलेलं उपकेंद्र आणि त्याखाली बहुतेक लोड शेतीपंपांचं. गहू-हरभऱ्याची पाणीपाळी सुरू झाली, की थ्री फेज आल्याबरोबर बस व्होल्टेज उतरू लागतं. ऑपरेटर कॅपॅसिटर बँक चालू करतो, टॅप चढवतो. ३३ केव्ही बाजू थोडा वेळ सावरते आणि पुन्हा खाली येते. एखाद्या दिवशी दोनपैकी एक सर्किट ट्रिप झालेलं असतं किंवा देखभालीसाठी बंद असतं. त्या दिवशी काही मिनिटांत सगळं उपकेंद्र अंधारात जातं. नंतर लाइन तपासली तर फॉल्ट कुठेच सापडत नाही. मग उपाय म्हणून आणखी एक कॅपॅसिटर बँक मंजूर होते, वर्षभर बरं चालतं, आणि पुढच्या किंवा त्याच्या पुढच्या रब्बीत पुन्हा तेच घडतं.

इथे खराब झालेलं उपकरण शोधून उपयोग नाही, कारण सगळी उपकरणं आपापलं काम चोख करत असतात. अडचण अशी आहे, की लाइनमधून पलीकडे जास्तीत जास्त किती मेगावॅट नेता येतात याला एक हद्द असते, आणि त्या हद्दीपासून आपण किती दूर आहोत हे केव्ही मीटर सांगत नाही. कॅपॅसिटर वाढवत गेलं, की ते अंतर मीटरवर दिसेनासं होतं. हा मुद्दा आकड्यांनी पटेल, म्हणून एक उदाहरण शेवटपर्यंत सोडवू.

उदाहरणाची मांडणी

मोठ्या उपकेंद्रातून १३२ केव्हीच्या दोन सर्किटवर आपलं उपकेंद्र चालतं. प्रत्येक सर्किट साधारण १०० किमी लांब. अशा लाइनची रिॲक्टन्स किलोमीटरला सुमारे ०.४ ओहम, म्हणजे एका सर्किटची ४० ओहम. मागच्या सिस्टिमची १० ओहम धरली, तर दोन्ही सर्किट चालू असताना एकूण ३० ओहम आणि एकच चालू असताना ५० ओहम. पाठवणाऱ्या टोकाचा आधार १३२ केव्हीवर पक्का धरू. लोडचा पॉवर फॅक्टर ०.९ लॅगिंग, आणि आपल्या बसवर १३२ केव्ही रेटिंगला ४० एमव्हीएआरचे कॅपॅसिटर. रोधकता आणि ट्रान्सफॉर्मरची रिॲक्टन्स सध्या बाजूला ठेवतो. ती धरली तर परिस्थिती अजून वाईट निघते, चांगली नाही.

लोडचे मेगावॅट व्होल्टेज बदललं तरी तेवढेच राहतात असं धरलं, तर गणित वर्गसमीकरणाचं होतं. स्वतः करून बघायचं असेल त्यांच्यासाठी:

```python
from math import sqrt
E, X, QC, tanf = 132.0, 50.0, 40.0, 0.4843
k = 1 - X*QC/E**2
Et, Xt = E/k, X/k
for P in (90, 100, 110, 120, 123, 124):
    p = P*Xt/Et**2
    q = p*tanf
    d = 0.25 - q - p*p
    print(P, round(Et*sqrt(0.5 - q + sqrt(d)), 1) if d >= 0 else "---")
```

एकच सर्किट चालू असताना येणारी उत्तरं अशी:

| लोड, मेगावॅट | बस व्होल्टेज, केव्ही |
|---|---|
| ९० | १२३ |
| १०० | ११८ |
| ११० | १११ |
| १२० | १०० |
| १२३ | ९२ |
| १२४ | उत्तर नाही |

शेवटची ओळ नीट बघा. १२४ मेगावॅटला व्होल्टेज खूप कमी येतं असं नाही. तिथे समीकरणाला उत्तरच मिळत नाही. वर्गमुळाखालची संख्या ऋण होते. या लाइनमधून ०.९ पॉवर फॅक्टरचे १२४ मेगावॅट कोणत्याही व्होल्टेजला जाऊ शकत नाहीत. हद्द १२३.४ मेगावॅटवर येते, आणि तिथे व्होल्टेज ८८ केव्ही असतं.

वर्गसमीकरण आहे म्हणजे उत्तरं दोन असणार. ११० मेगावॅटला एक उत्तर १११ केव्ही आणि दुसरं ६२ केव्ही. पहिल्यात करंट कमी आणि व्होल्टेज जास्त, दुसऱ्यात उलट. लोड वाढत गेलं की वरचं उत्तर खाली येतं, खालचं वर चढतं, आणि १२३.४ मेगावॅटवर दोन्ही भेटतात. आडव्या अक्षावर मेगावॅट आणि उभ्या अक्षावर केव्ही घेऊन आलेख काढला, तर ही भेटीची जागा उजवीकडे टोकासारखी पुढे येते. तिला पी-व्ही वक्राचं नाक म्हणतात. आपण रोज चालतो ते नाकाच्या वरच्या फांदीवर.

आता तक्त्यातली उतरण बघा. ९० वरून १०० ला गेलो तर ५ केव्ही गेले. पुढच्या १० मेगावॅटला ७, त्यापुढच्या १० ला ११, आणि मग फक्त ३ मेगावॅटला ८. लोड समान पायऱ्यांनी वाढतं, पण व्होल्टेजची पायरी दर वेळी मोठी होत जाते. नाक जवळ आल्याची ही पहिली आणि सगळ्यात भरवशाची खूण. ती लॉगशीटवर रोज लिहिली जाते, फक्त मेगावॅटचा आणि केव्हीचा रकाना कुणी एकत्र मांडून बघत नाही.

कॅपॅसिटरमुळे नेमकं काय होतं

पहिल्या वर्षी दोन्ही सर्किट चालू असताना ११० मेगावॅटला बस १२५ केव्हीवर होती. त्या स्थितीत नाक १९५ मेगावॅटवर येतं, म्हणजे हाताशी ८५ मेगावॅट. एक सर्किट गेलं की तेच लोड १११ केव्हीवर उतरतं आणि हाताशी उरतात फक्त १३. तक्रार झाली, अहवाल गेला, आणखी ४० एमव्हीएआरची बँक बसली. आता एका सर्किटवर ११० मेगावॅटला बस १३८ केव्ही दाखवते. सगळे समाधानी. नाकही १२३.४ वरून १४१.८ मेगावॅटवर सरकलं, तेव्हा फायदा खराच झाला.

पण मधल्या काळात नवी पंप कनेक्शनं आली आणि लोड १३० मेगावॅट झालं. एक सर्किट देखभालीसाठी बंद. बस दाखवते १२५ केव्ही. पहिल्या वर्षी दोन्ही सर्किट चालू असताना दिसत होते तेच १२५. त्या वेळी हाताशी ८५ मेगावॅट होते, आता १२ पेक्षाही कमी. कंट्रोल रूममधला माणूस आकडा बघून निर्धास्त राहतो आणि त्यात त्याची काही चूक नाही. त्याला दिलेल्या मर्यादेत १२५ केव्ही अगदी व्यवस्थित बसतं. तासाभरात लोड आणखी १० मेगावॅटनं वाढून १४० झालं, की बस ११० वर येते, आणि पुढच्या दोन मेगावॅटला जागाच नसते.

कारण असं, की कॅपॅसिटर वाढवले की नाक उजवीकडे सरकतं आणि त्याबरोबर वरही चढतं. बँक नसताना नाकावरचं व्होल्टेज ७८ केव्ही येतं, ४० एमव्हीएआरला ८८, ८० एमव्हीएआरला १०१. म्हणजे पूर्वी कोसळण्याआधी व्होल्टेज इतकं खाली जायचं की कुणालाही धोका कळावा. आता ते चांगल्या दिसणाऱ्या आकड्यावरून थेट घसरतं. शिवाय कॅपॅसिटर देतो ते एमव्हीएआर व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात. ४० एमव्हीएआरची बँक १०० केव्हीला सुमारे २३ एमव्हीएआरच देते. मदतीची सगळ्यात जास्त गरज असते त्या क्षणी मदत निम्म्यावर येते.

म्हणूनच तक्रार दर वर्षी परत येते. दर वर्षी केव्ही सुधारला, पण लाइनची रिॲक्टन्स होती तिथेच राहिली.

हे नाकाजवळचं प्रकरण आहे की साधं कमी व्होल्टेज, कसं ओळखायचं

कमी व्होल्टेजची प्रत्येक तक्रार या जातीची नसते. लांब ११ केव्ही फीडरच्या शेवटाला पंप अडखळतो ते बहुतेकदा फीडरच्या रोधकतेमुळे, आणि तिथला उपाय वेगळा. १३२ केव्ही बसवर हा संशय असेल तर तीन गोष्टी तपासाव्यात.

पहिली, वर सांगितलेली उतरण. स्काडाचे किंवा लॉगशीटचे सकाळचे आकडे घ्या आणि मेगावॅट विरुद्ध केव्ही असे ठिपके मांडा. कॅपॅसिटर किती चालू होते आणि किती सर्किट होती, त्यानुसार ठिपके वेगळे करा, नाहीतर सगळा गोंधळ होईल. ठिपक्यांची रांग सरळ असेल तर चिंता कमी. उजवीकडे खाली वाकत असेल तर नाक दिसू लागलं आहे.

दुसरी खूण बऱ्याच जणांना उलटी वाटते. १० एमव्हीएआरची बँक चालू केल्यावर व्होल्टेज किती उसळतं ते बघा. फॉल्ट लेव्हल माहीत असेल तर अपेक्षित उसळी तोंडी काढता येते: बस व्होल्टेजला बँकेच्या एमव्हीएआरनं गुणायचं आणि फॉल्ट लेव्हलच्या एमव्हीएनं भागायचं. आपल्या उदाहरणात दोन सर्किटला फॉल्ट लेव्हल ५८१ एमव्हीए, म्हणजे अपेक्षा सव्वादोन केव्हीच्या आत. प्रत्यक्ष गणितात ११० मेगावॅटला उसळी २.८ केव्ही येते. थोडी जास्त, पण ठीक. एका सर्किटला फॉल्ट लेव्हल ३४८ एमव्हीए, अपेक्षा ३.२ केव्ही. प्रत्यक्षात येतात ६.५, व्होल्टेज १११.२ वरून ११७.७ वर जातं. अपेक्षेच्या दुप्पट. ऑपरेटर म्हणतो, बँकेनं मस्त उठाव दिला. खरं तर एवढा उठाव मिळणं हाच धोक्याचा इशारा आहे, कारण जी बस १० एमव्हीएआरनं एवढी वर जाते ती १० एमव्हीएआर कमी पडले तर त्याहून जास्त खाली येणार. हे मोजताना टॅप स्थिरावू द्या, आणि खाली घरगुती लोड जास्त असेल तर उसळी थोडी कमी दिसेल हे लक्षात ठेवा.

तिसरी खूण टॅपची. नेहमीच्या स्थितीत टॅप एक पायरी चढवला की ३३ केव्ही वाढतं आणि १३२ केव्ही किंचित उतरतं. नाकाजवळ आल्यावर ३३ केव्ही जेमतेम वाढतं आणि १३२ केव्ही ठळकपणे उतरतं. टॅप चढवला आणि ३३ केव्ही वाढण्याऐवजी कमी झालं, तर नाक ओलांडलं गेलं आहे. त्यानंतर टॅपला हात लावायचा नाही. ऑटोमॅटिक असेल तर ताबडतोब मॅन्युअलवर घ्यायचा.

मिनिटामिनिटाला घसरण कशी होते

सर्किट ट्रिप झालं त्या क्षणी सहसा काही कोसळत नाही. व्होल्टेज उतरतं, त्याबरोबर दिवे, हीटर असं लोडही थोडं उतरतं, आणि सिस्टिम एका मधल्या जागी थांबते. इथे फसगत होते, कारण सगळ्यांना वाटतं निभावलं.

मग साधारण अर्ध्या-एक मिनिटानं टॅप चेंजर जागा होतो. ३३ केव्ही कमी आहे एवढंच त्याला दिसतं. तो एकेक पायरी चढत खालचं व्होल्टेज पूर्ववत करतो, म्हणजेच उतरलेलं लोड परत आणतो. ते लोड १३२ केव्हीवरून जास्त करंट ओढतं, लाइनमधली रिॲक्टिव्ह हानी करंटच्या वर्गानं वाढते, १३२ केव्ही आणखी उतरतं, टॅप पुन्हा चढतो. त्याच्या खालचे ३३/११ केव्हीचे टॅपही हेच करतात, थोड्या उशिरानं.

टॅपला साधारण पंधरा टक्क्यांचा वाव असेल, तर तो ११२ केव्हीच्या आसपास संपतो. एका दृष्टीनं तिथे दिलासा असतो, कारण यापुढे निदान टॅपमुळे लोड परत येत नाही. पण पंपांचं लोड टॅपची वाट बघत नाही. पंपाची मोटर इंडक्शन मोटर असते. व्होल्टेज उतरलं तरी तिला पाणी तेवढंच उचलायचं असतं, म्हणून स्लिप वाढते, वेग किंचित कमी होतो, मेगावॅट जवळपास तेवढेच राहतात आणि करंट वाढतो. या मोटरचा जास्तीत जास्त टॉर्क व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. तो रेटिंगच्या दुप्पट असेल तर सत्तर टक्के व्होल्टेजला जेमतेम रेटिंगएवढा उरतो. त्याखाली मोटर थांबते, आणि थांबलेली मोटर चालू होतानाच्या करंटएवढा, म्हणजे पाच-सहा पट करंट अत्यंत वाईट पॉवर फॅक्टरला ओढत राहते. एका फीडरवरच्या मोटरी थांबल्या की शेजारच्या फीडरचं व्होल्टेज त्या ओढतात. शेवटचे काही सेकंद असे असतात.

जवळ एखादं जनित्र असेल तर आणखी एक पायरी मध्ये येते. व्होल्टेज धरून ठेवण्यासाठी ते फील्ड करंट वाढवत नेतं, पण रोटर तापू नये म्हणून ओव्हर-एक्सायटेशन लिमिटर काही वेळानं फील्ड करंट खाली आणतो. त्या क्षणी व्होल्टेजचा पक्का आधार जनित्राच्या टर्मिनलवरून मागे जनित्राच्या आत सरकतो आणि रिॲक्टन्स एकदम वाढते. लोड तेवढंच असतं, नाकच डावीकडे येतं.

हे सगळं मोठ्या प्रमाणावर टोकियोत २३ जुलै १९८७ ला घडलं. कडक उन्हाळ्याचा दिवस. जेवणाची सुटी संपल्यावर दुपारी एकच्या सुमाराला मागणी मिनिटाला सुमारे ४०० मेगावॅट या वेगानं वाढू लागली. उपलब्ध होते ते सगळे कॅपॅसिटर चालू करण्यात आले. तरी ५०० केव्हीचं जाळं उतरत गेलं आणि १:१९ ला पश्चिम भागात ते सुमारे ३७० केव्हीवर आलं. तेव्हा रिले चालले आणि सुमारे ८,००० मेगावॅट लोड, २८ लाख ग्राहक, अंधारात गेले. कोणतीही लाइन आधी तुटलेली नव्हती. लोडमध्ये एअर कंडिशनर मोठ्या प्रमाणावर होते, आणि व्होल्टेज उतरलं की जास्त करंट घेणारी त्यांची सवय या घसरणीला कारण ठरली. आपल्या पंपांची तीच सवय.

रिले चालले पण फॉल्ट सापडला नाही, याचंही उत्तर इथेच आहे. डिस्टन्स रिले व्होल्टेज भागिले करंट बघतो. व्होल्टेज उतरलं आणि करंट वाढला, की त्याला इंपिडन्स कमी दिसतो आणि तिसऱ्या झोनमध्ये फॉल्ट असल्यासारखं वाटतं. अमेरिकेत १४ ऑगस्ट २००३ ला सॅमिस-स्टार ही ३४५ केव्ही लाइन अशीच तिसऱ्या झोनवर ट्रिप झाली होती, लाइनवर फॉल्ट नसताना. तेव्हा ट्रिपनंतर लाइनवर पेट्रोलिंग करून काही मिळालं नाही, तर रिलेमध्ये साठलेलं ट्रिपच्या क्षणाचं व्होल्टेज आणि करंट बघा. व्होल्टेज तिन्ही फेजवर सारखं आणि काही मिनिटांपासून उतरत आलेलं असेल, तर प्रकरण हेच.

त्या क्षणी काय करायचं

एक सर्किट गेलं आहे, कॅपॅसिटर सगळे चालू आहेत, व्होल्टेज उतरत आहे. अशा वेळी पहिलं काम टॅप मॅन्युअलवर घेऊन आहे तिथे थांबवणं. मात्र त्यावर फार विसंबू नका. खाली घरगुती लोड असेल तर टॅप थांबवल्यानं खरंच सुटका होते. लोड बहुतेक मोटरींचं असेल तर फक्त थोडा वेळ मिळतो.

दुसरं काम लोड कमी करणं, आणि ते लवकर. उदाहरणात एक सर्किट, ४० एमव्हीएआर आणि १२० मेगावॅट असताना बस १०० केव्हीवर आहे. एक १० मेगावॅटचा शेती फीडर बंद केला तर बस १११ वर येते, दुसरा बंद केला तर ११८ वर. नाकाजवळ लोडशेडिंगचा परिणाम मोठा असतो, त्यामुळे थोडंसं पुरतं, पण ते मोटरी थांबण्याआधी करायला हवं. मोटरी थांबल्या, की ते १० मेगावॅट काढून भागत नाही, कारण आता लोडच बदललेलं असतं. अर्धं उपकेंद्र बंद करावं लागतं. फीडर निवडताना ज्यावर मोटरी जास्त आणि पॉवर फॅक्टर वाईट तो आधी.

हा निर्णय फोनवर परवानगी घेत बसण्यासारखा नाही. लोड डिस्पॅच सेंटरशी आधीच ठरलेलं असावं, की एक सर्किट नसताना बस अमुक केव्हीखाली इतके सेकंद राहिली, तर अमुक फीडर आपोआप बंद. अंडरव्होल्टेज रिलेवर हे सहज बसवता येतं. सेटिंग ठरवताना मात्र नाकाचं व्होल्टेज काढून घ्या. ४० एमव्हीएआरच्या काळातलं ९५ केव्हीचं सेटिंग ८० एमव्हीएआर बसल्यावर निरुपयोगी होतं, कारण आता नाकच १०१ वर आहे आणि रिले जागा होण्याआधी खेळ संपलेला असतो. बँक वाढली आणि सेटिंग तेच राहिलं, ही चूक पुन्हा पुन्हा होऊ शकते. म्हणून बँकेच्या मंजुरीच्या कागदातच सेटिंग बदलाचा मुद्दा असावा असं माझं ठाम मत आहे.

पुढच्या हंगामाआधी

आधी हद्द काढा. संगणकावर पूर्ण लोड फ्लो करता आला तर उत्तम, पण पहिला अंदाज कागदावर येतो. एक सर्किट बंद धरून आपल्या बसची थ्री फेज फॉल्ट लेव्हल संरक्षण विभागाकडून घ्या. कॅपॅसिटर नसताना जास्तीत जास्त मेगावॅट:

```
Pmax = (फॉल्ट लेव्हल / 2) × cosφ / (1 + sinφ)
```

०.९ पॉवर फॅक्टरला हे फॉल्ट लेव्हलच्या साधारण ३१ टक्के येतं, युनिटीला ५० टक्के. आपल्या ३४८ एमव्हीएला ०.९ वर १०९ मेगावॅट, ०.९८ वर १४२. एवढ्या फरकासाठी पंपांवर कॅपॅसिटर बसवून घ्यायची धडपड करावी हे खरं, पण ते बसवले तरी वर सांगितलेला धोका तसाच राहतो: नाक वर चढणार. हा अंदाज थोडा आशावादीही आहे. फॉल्ट लेव्हल काढताना जनित्रांची फॉल्टच्या पहिल्या क्षणाची लहान रिॲक्टन्स धरतात, आणि लाइनची रोधकता इथे सोडली आहे. खरी हद्द अलीकडे असते.

नाक सापडलं की एका सर्किटवर किती लोड चालवायचं ते ठरवता येतं, आणि देखभालीची परवानगी त्या आकड्यावर द्यायची, केव्हीवर नाही. वाढीव लोड बसत नसेल तर शेती फीडरचे गट पाडून वेळापत्रक विभागणं हा सगळ्यात स्वस्त मार्ग. महाराष्ट्रात शेती फीडरवर सौर प्रकल्प येत आहेत, त्यांनी दिवसाचे मेगावॅट लाइनवरून कमी होतात आणि तेवढं अंतर वाढतं. रात्रीच्या पाळीला त्यांचा उपयोग नाही.

रिॲक्टिव्ह मदत वाढवायचीच असेल तर ठरावीक बँकेऐवजी स्टॅटकॉमचा विचार व्हावा. त्याचे एमव्हीएआर व्होल्टेजच्या सरळ प्रमाणात उतरतात, वर्गाच्या नाही. १०० केव्हीला ४० चे ३० राहतात, २३ नाही. महाग आहे. पण मोटरींचं लोड असलेल्या बसवर तो जे काही सेकंद सांभाळतो ते कॅपॅसिटर सांभाळू शकत नाही. लोड उतरल्यावर बँक बंद करण्याची सोय मात्र कुठल्याही परिस्थितीत हवी, कारण ८० एमव्हीएआर चालू ठेवून एका सर्किटवर लोड ४० मेगावॅटवर आलं तर याच गणितात बस १६० केव्हीच्या पुढे जाते.

आणि कोसळल्यानंतर परत चालू करताना एक गोष्ट सांभाळा. बहुतेक पंपांना ऑटो स्टार्टर असतो. फीडर चालू केला की सगळे पंप एकदम सुरू होतात आणि चालू होतानाचा करंट ओढतात. एका सर्किटवर सगळे फीडर पटापट चालू केले तर बस पहिल्यापेक्षा लवकर कोसळेल. एक फीडर चालू करा, बस व्होल्टेज स्थिर होईपर्यंत थांबा, किती केव्ही कायमचे उतरले ते लिहून ठेवा, मग दुसरा. प्रत्येक फीडरला उतार वाढत गेलेला दिसला, तर पुढचा फीडर दुसरं सर्किट येईपर्यंत बंदच ठेवा.